तिसऱ्या पाइपातला फेस

[गच्ची. मोजपट्टीचं एक टोक तरुणाच्या हातात, दुसरं सेक्रेटरींच्या.]

मे महिना. कोथरूडमधली जुनी सोसायटी, 32 फ्लॅट, आवारात एक बोअर. हा तरुण गच्चीवरचं पावसाचं पाणी बोअरमध्ये जिरवण्याची यंत्रणा विकायला आलाय. कमिटी पाण्याच्या टाकीच्या सावलीत उभी आहे.

गच्ची भरली 600 चौरस मीटर. पुण्यात वर्षाला साधारण 700 मिलिमीटर पाऊस पडतो आणि एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पडला की एक लिटर होतो. तरुणानं फोनवर गुणाकार केला: "काका, 4 लाख 20 हजार लिटर. म्हणजे 10 हजार लिटरचे 42 टँकर."

खजिनदार बँकेतून निवृत्त झालेत. त्यांनी विचारलं, "सगळं खाली येतं? गच्ची काही पीत नाही?"

पिते. थोडं उडून जातं, थोडं भेगांत राहतं आणि पहिल्या पावसाचं तर मुद्दाम सोडून द्यावं लागतं. हिशेबात 80 टक्के धरतात. उरले 3 लाख 36 हजार लिटर, सुमारे 34 टँकर. माणशी रोज 135 लिटर आणि घरात चार माणसं धरली, तर सोसायटीला हे एकोणीस दिवस पुरेल. हा आकडा तरुणाच्या रंगीत पत्रकात नव्हता. तो खजिनदारांनी पत्रकाच्या मागच्या कोऱ्या बाजूला काढला.

[इमारतीची मागची भिंत. पावसाळी पाइपाचं तोंड. फेस.]

गच्चीवरून सहा पाइप खाली येतात. पाऊस नाही, ढगही नाही, तरी तिसऱ्यातून पाणी येतंय. पांढरं, फेसाळ.

दुसऱ्या मजल्यावरच्या कुणीतरी ड्राय बाल्कनीतल्या वॉशिंग मशीनची नळी पावसाळी पाइपात सोडली आहे. आमच्या मते अख्ख्या भेटीतली सर्वांत मोलाची गोष्ट हीच. कारण हा पाइप तसाच जोडला, तर साबणाचं पाणी थेट बोअरमध्ये जाईल. गाळ अडवणारा वाळू-खडीचा फिल्टर विरघळलेला साबण अडवत नाही. विक्रेत्यानं पाइप कोरड्या दिवसांत पाहिलेच नाहीत, तर हे कळणार कसं? याने पाहिले, तेही सकाळी, कपडे धुवायच्या वेळी.

[बोअर. शेजारी 5 हजार लिटरचा टँकर.]

आता जे दिसेल ते बघून वॉचमनलाही हसू आवरलं नाही. ज्या सोसायटीत टँकर विकत घेतात, तिथं पिण्याच्या पाण्याचा अख्खा टँकर बोअरमध्ये ओतायचा.

पुण्याच्या खाली बेसॉल्ट आहे. पाणी कातळात नाही, त्याच्या भेगांत आणि झिजलेल्या थरांत राहतं. बोअरला अशा भेगा लागल्या असतील तरच ती पाणी घेईल. इथं पाणी 40 मीटरवर होतं. सहा इंची नळीचा वरचा रिकामा भाग जेमतेम 700 लिटर धरतो. म्हणजे खडकानं पाणी घेतलं नाही, तर ते काही मिनिटांत तोंडाशी येणार.

[नळीत सोडलेली टेप. घड्याळ.]

आलं नाही. 40 मिनिटांत टँकर रिकामा झाला. मिनिटाला 125 लिटर.

पण तासाला 25 मिलिमीटरची सर आली, तर तेच 80 टक्के धरून या गच्चीवरून मिनिटाला 200 लिटर उतरतात. तासाभरात साडेचार हजार लिटर जास्तीचं. म्हणून मध्ये एक 5 हजार लिटरची टाकी हवी: गाळ तिथं बसेल, पाणी फिल्टरमधून सावकाश बोअरला जाईल आणि त्याहून जास्त आलं तर गटाराकडे. सर हलकी असूनही टाकी वाहू लागली, की फिल्टर तुंबला असं समजायचं.

"आणि आम्ही जिरवायचं, शेजारच्यांनी उपसायचं?" अध्यक्षांनी विचारलं.

"उपसतील, साहेब. जमिनीखाली कंपाउंड नसतं."

तरुणानं हे सरळ सांगितलं, तिथं कमिटीचा सूर जरा बदलला, असं आम्हाला वाटलं. तुम्ही चेहरे बघा.

पैशांचा विषय निघाला तेव्हा कॅमेरा बंद करायला सांगितलं. ठराव मंजूर झाला, दोघे विरोधात होते.

[जून. पहिली सर. गच्चीच्या पाइपावरचा व्हॉल्व्ह.]

पहिलं पाणी हे असं उतरतं: काळपट, कबुतरांच्या पिसांसकट. वॉचमन ते बाहेर सोडतोय. पाणी निवळलं, की व्हॉल्व्ह फिरवायचा.

पाच पाइप जोडले आहेत. तिसऱ्याच्या तोंडाला अजून बूच आहे.