देवघर शोधणाऱ्याला आपला व्हिडिओ कसा सापडेल

श्रोतेहो, नमस्कार.

बेळगावात खानापूर रस्त्यालगत माझ्या मामांचा सुतारकामाचा छोटा वर्कशॉप आहे. चार माणसं, एक रंधा मशीन आणि समोर पत्र्याची शेड. गेली काही वर्षं तिथल्या कामाचे व्हिडिओ मामा यूट्यूबवर टाकतात आणि त्यांखाली लिहायचं काम माझ्याकडे असतं. आज त्यातल्या एकाच व्हिडिओबद्दल बोलायचं आहे, म्हणजे शीर्षक, खालची माहिती आणि पिन केलेली कमेंट ही तिन्ही कशी लिहिली ते नीट सांगता येईल.

व्हिडिओ होता सागवानी देव्हाऱ्याचा. दोन फूट रुंद, तीन फूट उंच. वर कळस, मागे जाळी, खाली दोन ड्रॉवर आणि समई ठेवायला बाहेर ओढता येणारी फळी. काम सुंदर झालं होतं. मामांनी शीर्षक दिलं, ‘आमचं नवीन काम, भाग 14’. आठवडे गेले तरी तो पाहणारे आमचेच नातेवाईक आणि ओळखीचे होते. आणि ते साहजिकच होतं. ‘भाग 14’ असं कोण शोधणार? घरात देव बसवायचे आहेत, भिंतीला अमुक जागा आहे, तिथे काय बसेल हे ज्याला पाहायचं आहे तो त्या वस्तूचं नाव टाईप करतो. आपल्या वर्कशॉपचं नाव त्याला ठाऊक नसतं आणि आपला चौदावा भागही नसतो.

मग त्या वस्तूचं नाव काय? इथेच मी पहिली चूक केली. आमच्याकडे सुतार त्याला देव्हारा म्हणतात आणि तोच शब्द बरोबर आहे. देवांची खोली ती देवघर, खोलीत ठेवायचं लाकूडकाम तो देव्हारा. मी शीर्षकात देव्हारा लिहिलं. पण यूट्यूबच्या शोधपट्टीत ‘लाकडी दे’ इतकंच टाईप करून खाली सुचवलेले शब्द पाहिले, तर तिथे देवघर होतं, मंदिर होतं. लोक लाकडाच्या वस्तूलाही देवघरच म्हणू लागलेत. म्हणून शीर्षकात देवघर आलं आणि देव्हारा माहितीच्या पहिल्या वाक्यात गेला. तो शब्द मला सोडायचा नव्हता, आणि सोडायची गरजही नव्हती.

देवघर शब्दाला आणखी एक अडचण आहे. झारखंडात देवघर नावाचं शहर आहे, बैद्यनाथाचं मोठं तीर्थक्षेत्र. नुसतं देवघर लिहिलं की आपला व्हिडिओ यात्रेच्या व्हिडिओंच्या गर्दीत जाऊन बसतो. म्हणून त्याच्या मागेपुढे ‘लाकडी’ आणि ‘डिझाइन’ हे शब्द हवेतच. ते असले की हे फर्निचर आहे याबद्दल शंका उरत नाही.

शेवटी शीर्षक असं ठरलं:

लाकडी देवघर डिझाइन, 2 बाय 3 फूट, सागवान | Wooden Mandir Belgaum

यूट्यूब शीर्षकाला 100 अक्षरं देतं. हे शीर्षक 63 अक्षरांचं आहे. देवनागरी लिहिणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं: मोजताना काना, वेलांटी आणि जोडाक्षरातला हलंतसुद्धा वेगळा धरला जातो. ‘देव्हारा’ आपल्याला तीन अक्षरांचा शब्द दिसतो, मोजणीत तो आठ भरतो. आणि 100 भरली तरी फोनवर शोधाच्या यादीत शीर्षकाच्या दोनच ओळी दिसतात, पुढे तीन टिंबं येतात. म्हणून वस्तू पहिली, माप दुसरं. गाव आणि इंग्रजी शब्द शेवटी, कारण ते कापले गेले तरी यंत्राला वाचता येतात आणि पाहणाऱ्याचं काही अडत नाही. वर्कशॉपचं नाव शीर्षकात घातलंच नाही. ते चॅनेलच्या नावात आहेच.

आता तुम्ही विचाराल, बेळगावात बसून Belgaum का लिहिलं, Belagavi का नाही? शहराचं सरकारी नाव 1 नोव्हेंबर 2014 पासून बेळगावी झालं, पण रोमन लिपीत टाईप करताना जुनं स्पेलिंग वापरणारे अजून पुष्कळ आहेत. आमच्या शोधांच्या यादीत तेच जास्त दिसलं. शीर्षकात एकालाच जागा होती. बाकीची रूपं माहितीत एका वाक्यात बसवली.

माहिती म्हणजे व्हिडिओखालचं वर्णन. तिथे 5000 अक्षरांची मुभा आहे, पण उघडायच्या आधी दिसतात त्या पहिल्या एक-दोन ओळी. बरेच जण सुरुवातीला ‘नमस्कार मित्रांनो, चॅनेलवर स्वागत आहे, सबस्क्राइब करा’ असं लिहितात आणि ती मोक्याची जागा घालवतात. आमच्या पहिल्या ओळी अशा आहेत:

सागवानी देव्हारा, रुंदी 2 फूट, उंची 3 फूट, खोली 15 इंच. दोन ड्रॉवर, समईसाठी ओढायची फळी, मागची बाजू प्लायवूडची. बेळगाव, Belagavi इथल्या आमच्या वर्कशॉपमध्ये बनवलेला.

मागची बाजू प्लायवूडची आहे हे मुद्दाम लिहिलं. मामा आधी नको म्हणत होते. पण सगळं सागवान समजून आलेला माणूस दुकानात येऊन नाराज होतो, त्यापेक्षा आधी कळलेलं बरं. शिवाय ‘प्लायवूड मंदिर’ शोधणाऱ्यालाही हा व्हिडिओ उपयोगाचा आहे.

त्याखाली वेळा लिहिल्या: 0:00 तयार देवघर आणि मापं, 0:40 लाकूड कुठलं कुठे वापरलं, 2:15 कळस आणि जाळी, 4:05 पॉलिश. अशा वेळांवरून यूट्यूब व्हिडिओचे भाग पाडतं, पण त्यासाठी पहिली वेळ 0:00 च हवी, निदान तीन वेळा हव्यात, त्या चढत्या क्रमाने हव्यात आणि प्रत्येक भाग दहा सेकंदांपेक्षा छोटा नको. मी एकदा 0:05 पासून सुरुवात केली होती. भाग पडलेच नाहीत आणि कारण शोधण्यात माझी एक संध्याकाळ गेली.

आता दुसरी चूक, ही जास्त महागात पडली. वर्णनाच्या तळाशी मी गावांची माळ लावली होती. निपाणी, चिकोडी, संकेश्वर, कोल्हापूर, हुबळी, पणजी, शिवाय पलंग, सोफा, डायनिंग टेबल. वाटलं, जितकी जाळी तितके मासे. वर्णनात असे असंबद्ध शब्द ओतणं यूट्यूबच्या नियमांत बसत नाही, हे मला नंतर समजलं. त्याआधीच परिणाम दिसला होता. सोफा शोधणारा देवघरावर आला की काही सेकंदांत निघून जायचा. यूट्यूब स्टुडिओमध्ये प्रत्येक व्हिडिओची सरासरी पाहण्याची वेळ दिसते, ती घसरलेली दिसली. शोधात वर येण्यासाठी शब्द जुळणं ही एक गोष्ट झाली. त्या शोधासाठी आलेले लोक व्हिडिओ खरंच पाहतात का, तेही धरलं जातं. ती माळ मी काढून टाकली. टॅगच्या रकान्यात फक्त स्पेलिंगची वेगळी रूपं ठेवली, devhara, devghar अशी. टॅगचा उपयोग तेवढाच, लोक चुकीचं किंवा वेगळं लिहितात तेव्हा.

पिन केलेल्या कमेंटचं काम मात्र वेगळं. ती शोधणाऱ्यासाठी नसते, येऊन पोचलेल्यासाठी असते. आपल्याच व्हिडिओखाली आपणच कमेंट लिहायची, तिच्या बाजूच्या तीन टिंबांवर दाबून पिन करायची, की ती सगळ्यांच्या वर राहते. एका वेळी एकच पिन होते, दुसरी केली की पहिली उतरते. आमच्या देवघराखाली ‘किंमत किती’ हा प्रश्न पुन्हापुन्हा यायचा. म्हणून पिन केलेल्या कमेंटमध्ये महिन्याचं नाव घालून किंमत लिहिली, त्यात पॉलिश धरलंय की नाही तेही लिहिलं. सागवानाचा भाव बदलला की आकडा आणि महिना दोन्ही बदलायचे. महिना नसेल तर दोन वर्षांपूर्वीच्या आकड्यावर कुणी अडून बसतो आणि त्याचंही काही चुकत नाही.

त्याच कमेंटमध्ये पुढे एक प्रश्न आहे: ‘तुमच्या भिंतीला जागा किती आहे? रुंदी आणि उंची इंचांत लिहा.’ ‘कसं वाटलं ते सांगा’ असं विचारलं तर लोक नुसते हात जोडतात. माप विचारलं तर माप मिळतं.

आणखी एक ओळ आम्हाला नाइलाजाने घालावी लागली. ‘आम्ही कमेंटमध्ये आगाऊ पैसे मागत नाही, आपला फोन नंबर इथे लिहू नका.’ झालं असं, की आमच्यासारखंच नाव लावून कुणीतरी एका बाईंना उत्तर दिलं आणि ॲडव्हान्स मागितला. त्यांनी आधी दुकानात फोन केला म्हणून वाचल्या. चॅनेलच्या मालकाचं नाव कमेंटमध्ये वेगळ्या रंगाच्या पट्टीत दिसतं, ते पाहून विश्वास ठेवा, हेही आम्ही तिथे लिहिलंय. लहान व्हिडिओ, म्हणजे शॉर्ट टाकत असाल तर त्याच्या कमेंटमध्ये दुकानाची लिंक देऊन उपयोग नाही. 31 ऑगस्ट 2023 पासून शॉर्टच्या कमेंट आणि वर्णनातल्या लिंक दाबल्या तरी उघडत नाहीत.

हे सगळं बदलून झाल्यावर मी पंधरा दिवस काही हलवलं नाही. मग स्टुडिओमध्ये त्या व्हिडिओच्या ॲनालिटिक्समध्ये गेले. प्रेक्षक कुठून आले त्या यादीत ‘YouTube search’ वर दाबलं, की कुठले शब्द टाईप करून लोक पोचले ते दिसतं. ही यादी मला सगळ्यांत मोलाची वाटते, कारण ते शब्द गिऱ्हाइकाच्या तोंडचे असतात. तिथे ‘wooden mandir’ होतं, ‘देवघर डिझाइन लाकडी’ होतं, आणि ज्याचा मी विचारच केला नव्हता असं ‘devara mane’ होतं.

कानडी शोध! इथे राहून ते सुचायला हवं होतं. शीर्षकात तिसरी लिपी घुसवली असती तर ते कुणालाच धड वाचता आलं नसतं. त्याची गरजही नाही. स्टुडिओमध्ये व्हिडिओला दुसऱ्या भाषेतलं शीर्षक आणि वर्णन जोडता येतं. ज्याचा फोन कानडीत आहे त्याला कानडी दिसतं, इतरांना मराठी. मी आपलं ‘देवर मने’ लिहायला घेतलं, तर पॉलिश करणारे आमचे काका, घरी कानडी बोलणारे, मला थांबवून म्हणाले, ‘अगं, देवर मने म्हणजे देवाची खोली. लाकडाचा तो देवर मंटप.’ म्हणजे मराठीत देवघर आणि देव्हाऱ्यात जो गोंधळ, तोच पलीकडेही. मग शीर्षकात दोन्ही शब्द घातले आणि वर्णन काकांकडून वाचून घेतलं. त्यांनी तीन शब्द बदलले.

कमेंटमध्ये मापं येत राहिली. कुणाची 20 इंच, कुणाची 30. पण 18 इंच रुंदी पुन्हापुन्हा दिसली, फ्लॅटच्या स्वयंपाकघरातल्या कोपऱ्याची. मामांनी गेल्या आठवड्यात त्या मापाचा देव्हारा करायला घेतलाय. काम अजून पॉलिशला गेलेलं नाही, पण व्हिडिओचं शीर्षक लिहून तयार आहे: ‘18 इंच रुंद लाकडी देवघर, किचनच्या कोपऱ्यासाठी’.

नमस्कार.