एका पानाचं पत्र, अख्ख्या गल्लीची सजावट

नमस्कार मंडळी. मी दुकानदार आहे, आणि आज तुमच्याशी एका पत्राबद्दल बोलणार आहे. गर्दीचा सीझन जवळ आला की प्रत्येक दुकानदार आपापल्या शटरवर लायटिंग करतो, एकाचं पिवळं, दुसऱ्याचं निळं, तिसऱ्याचं चमकणारं, आणि मधली चार दुकानं अंधारात, त्यामुळे गल्लीच्या तोंडाशी उभ्या गिऱ्हाइकाला आत काय आहे तेच कळत नाही. मग कोणीतरी म्हणतो चला सगळे मिळून करू, आणि ते बोलणं चहाबरोबर संपतं. का संपतं, तर कोणी किती द्यायचे हे कोणी कागदावर मांडत नाही. म्हणून शेजाऱ्यांना द्यायचं ते पत्र मी कसं लिहितो ते सांगतो, मधेमधे वाचूनही दाखवतो.

पत्राची सुरुवात अशी. "सर्व शेजारी दुकानदार दादा-ताईंना सप्रेम नमस्कार. सीझनच्या १५ दिवसांसाठी आपल्या गल्लीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत एकसारख्या लाईटच्या माळा आडव्या लावाव्यात आणि खर्च वाटून घ्यावा असा माझा प्रस्ताव आहे. अजून काहीही खरेदी केलेलं नाही. आधी तुमचं मत हवं आहे." ते अजून खरेदी केलेलं नाही हे वाक्य फार महत्त्वाचं आहे बरं का. कारण माळा आणून झाल्यावर पत्र गेलं तर शेजाऱ्याला वाटतं ठरवलंय यांनीच, आता फक्त पैसे मागतायत.

आता मुद्दा पैशांचा, इथे मी जरा थांबणार आहे. समजा गल्लीत १० दुकानं आहेत, ५ इकडे ५ तिकडे. सहा दुकानं छोटी, फ्रंट ३ मीटरचा. दोन दुकानं ४ मीटरची, एक ६ मीटरचं आणि एक मोठं ८ मीटरचं. सगळ्यांचा फ्रंट मिळून ४० मीटर. आणि एकूण खर्च आपण १०० भाग धरू, रक्कम तुमच्याकडे जी येईल ती घाला.

सरळ समान वाटणी केली तर प्रत्येकाचे १० भाग. छोट्या दुकानवाला लगेच म्हणणार, माझं शटर ३ मीटरचं, त्याचं ८ चं, मग दोघांचे पैसे सारखे कसे? त्याचं बरोबर आहे. मग फ्रंटप्रमाणे वाटलं तर छोट्याचे साडेसात भाग आणि मोठ्याचे थेट २०. आता मोठा म्हणणार, लाईट तर गल्लीवर आहे, माझ्या एकट्याच्या दारावर नाही, येणारं गिऱ्हाईक सगळ्यांकडे जातं. त्याचंही बरोबर आहे! म्हणून मी अर्धं-अर्धं करतो. खर्चातले ५० भाग सगळ्यांत समान, म्हणजे प्रत्येकी ५. उरलेले ५० भाग फ्रंटप्रमाणे, म्हणजे ४० मीटरला ५०, मीटरला सव्वा भाग. छोट्या दुकानाचे ५ अधिक पावणेचार, पावणेनऊ झाले. ४ मीटरवाल्याचे बरोबर १०, ६ मीटरवाल्याचे साडेबारा, आणि मोठ्याचे १५. बेरीज करून बघा, सहा छोट्यांचे साडेबावन्न, दोन मधल्यांचे २०, मग साडेबारा आणि १५, पूर्ण १०० होतात. पत्रात हा हिशेब छोट्या टेबलात घालायचा आणि प्रत्येक दुकानासमोर त्याचा आकडा लिहायचा. आपल्या नावापुढचा आकडा दिसला की माणूस विचार करायला लागतो, नुसतं "सर्वांनी योगदान द्यावे" लिहिलं तर कागद गल्ल्याखाली जातो.

फ्रंट मात्र टेपने मोजायचा, आणि प्रत्येकाच्या समोर मोजायचा. अंदाजाने लिहिलेला आकडा चुकला की बाकी सगळ्या हिशेबावरचा विश्वास जातो. कोपऱ्यावरच्या दुकानाला दोन बाजू असतात, तिथे फक्त ज्या बाजूवर सजावट येणार तीच मोजायची. वरच्या मजल्यावरच्या दुकानाला रस्त्यावर फ्रंटच नसतो, त्याच्याकडून फक्त समान वाटणीचा भाग मागावा असं माझं मत आहे. तो ११ वा झाला तर समान वाटणी ११ जणांत होईल आणि सगळ्यांचेच आकडे थोडे खाली येतील.

आता १०० भाग जातात कुठे तेही पत्रात हवं. माझ्या उदाहरणात माळा आणि वायर ४०, हूक दोरी वगैरे १२, लावायची आणि काढायची मजुरी २५, वीज ५, परवानगी आणि किरकोळ ८, आणि राखीव १०. यातला काढायची हा शब्द मुद्दाम सांगतो. लावण्याच्या वेळी सगळ्यांना उत्साह असतो, काढण्याच्या वेळी कोणीच नसतं, मग धूळ खात लोंबणाऱ्या माळा महिनोन्‌महिने तशाच राहतात आणि पुढच्या वर्षी शेजारी पहिलं तेच आठवतात. म्हणून काढायची तारीख आणि काढायची मजुरी दोन्ही आधीच पत्रात. आणि राखीव वापरली गेली नाही तर परत, ज्याने जेवढे दिले त्याचा दहावा हिस्सा, हेही लिहून टाकायचं.

विजेचं सांगतो कारण भांडण इथे होतं. माळा एका कुणाच्या तरी मीटरवर जोडाव्या लागतात. खोक्यावर किती वॅट ते लिहिलेलं असतं, सगळ्या माळांची बेरीज करा. समजा २०० वॅट आली आणि रोज संध्याकाळी ५ तास चालू ठेवल्या तर २०० गुणिले ५, हजार वॅट-तास, म्हणजे रोज एक युनिट. १५ दिवसांत १५ युनिट. आकडा छोटा आहे, पण ज्याच्या मीटरवर ते येतंय त्याला त्या महिन्याच्या बिलात वाढ दिसते आणि त्याचं मन खट्टू होतं. म्हणून पत्रात स्पष्ट, अमक्याच्या मीटरवर जोडणी, युनिटचे पैसे त्यांच्या वर्गणीतून वजा. जोडणीला करंट गळती झाली तर आपोआप बंद पडणारा ब्रेकर हवा, माळा आणि जोड बाहेर पावसात चालतील असे हवेत, आणि सरकारी विजेच्या खांबाला काहीही बांधायचं नाही.

आणखी एक गोष्ट, जी मला वाटतं बहुतेक पत्रांत नसते. माळ आडवी जाते म्हणजे तिला दोन्ही बाजूंना हूक लागतो. समोरचा पैसे द्यायला नाही म्हणाला तर त्याच्या भिंतीवर हूक मिळणार का? म्हणून उत्तराच्या चिठ्ठीत दोन वेगळे प्रश्न ठेवायचे. पहिला, वर्गणी देणार का. दुसरा, भिंतीवर हूक लावू देणार का. कित्येक जण पहिल्याला नाही आणि दुसऱ्याला हो म्हणतात, आणि सजावट त्या एका हो मुळे उभी राहते. दुकान भाड्याचं असेल तर भिंत घरमालकाची आहे, त्याची परवानगी दुकानदाराने स्वतः विचारून आणायची.

हूकबद्दल बोलतोय तर हेही ऐका, कामगारासमोर उभं राहून बघायची गोष्ट आहे. माळ छान सरळ दिसावी म्हणून ताणून बांधायला सांगू नका. ४ मीटर रुंद गल्लीवर एक किलो वजनाची माळ मध्यभागी फक्त १० सेंटिमीटर खाली सोडली तर हूकवर आडवा ओढ सुमारे ५ किलोचा येतो. तीच ४० सेंटिमीटर खाली सोडली तर ओढ सव्वा किलो. प्लास्टरमध्ये नुसता ठोकलेला हूक पाच किलोच्या ओढीला वाऱ्यात हलत हलत सैल होतो, भोवती पांढरी भुकटी पडायला लागली की समजायचं तो निघणार आहे. माळ झोळदार सोडा आणि हूक तेवढाच वर घ्या, आणि सगळ्यात खालचा भाग गल्लीत येणाऱ्या सर्वात उंच गाडीच्या वर राहतो का ते पाहून घ्या, मालाचा ट्रक पण आणि आगीचा बंब पण. रस्त्यावर आडवं काही बांधायचं तर स्थानिक प्रशासनाची परवानगी लागते का, हे पत्र देण्याच्या आधी विचारून घ्या म्हणजे शेजाऱ्याने विचारलं की उत्तर तयार.

एखादा नाही म्हणाला तर काय होईल, हेही मी पत्रात आधीच लिहितो. वरच्या उदाहरणात एक ३ मीटरवाला बाहेर गेला तर उरले ९ दुकानं आणि ३७ मीटर. छोट्याचा आकडा पावणेनऊवरून साधारण ९.६ होतो, मोठ्याचा १५ वरून साधारण १६.४. सोसवतं. पण तिघं-चौघं बाहेर गेले तर बाकीच्यांवर भार जड होतो, तेव्हा वर्गणी वाढवायची नाही, माळा कमी करायच्या. म्हणून पत्रात ओळ अशी, "८ दुकानांचा होकार आला तर ठरलेलं काम करू, त्याहून कमी आले तर दर २ मीटरऐवजी दर ३ मीटरवर माळ लावू, पण कोणाचाही आकडा टेबलातल्यापेक्षा पाच भागांहून जास्त वाढणार नाही."

पैसे एकाच्या हातात ठेवू नयेत, दोघांची नावं लिहावीत, आणि त्यातला एक पत्र लिहिणारा नसावा. दोन-तीन ठिकाणची कोटेशनं पत्रासोबत जोडावीत, बिलं नंतर एखाद्या दुकानाच्या काचेवर लावावीत. आणि सामान कोणाचं? माळा-वायर सगळ्यांच्या, ठेवायला जागा कोणाची ते लिहा. पुढच्या वर्षी ते ४० भाग वाचतात, फक्त खराब झालेल्या माळा बदलायच्या, म्हणून पहिल्या वर्षी पैसे देणाऱ्याची यादी जपून ठेवा. जो दुसऱ्या वर्षी नवीन आला त्याने माळांचा आपला हिस्सा भरायचा आणि तो जुन्यांत वाटून द्यायचा.

पत्र व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका असं मी म्हणेन. ग्रुपवर पहिला जो "बघू" लिहितो त्याच्या मागे सगळे बघू लिहितात. छापून घ्या, प्रत्येकाच्या हातात द्या, दुपारी गिऱ्हाईक कमी असतं तेव्हा. खाली फाडून द्यायची चिठ्ठी, त्यात दुकानाचं नाव, दोन्ही प्रश्नांसमोर हो किंवा नाही, सही आणि तारीख. उत्तरासाठी एक आठवडा, आणि शेवटच्या दिवशी तुम्ही स्वतः जाऊन चिठ्ठ्या गोळा करता असं लिहा.