डोळ्यातलं पांढरं नक्की कुठं आहे?

(देवगड तालुक्यातल्या एका वाचनालयात पाळीव प्राण्यांच्या मालकांसमोर एका पशुवैद्यांनी दिलेलं व्याख्यान, थोडं संपादित करून.)

नमस्कार मंडळी. दिवाळी होऊन दहाबारा दिवस झाले होते, तेव्हाची गोष्ट सांगतो. रात्री साडेनऊला माझ्या फोनवर एक फोटो आला आणि खाली एकच ओळ, ‘डॉक्टर, मोत्याचो डावो डोळो पांढरो झालो हा.’ फोटो उघडला तर अंधारात फ्लॅश मारून काढलेला. डोळ्याच्या जागी नुसता हिरवा-पिवळा दिवा पेटलेला. कुत्र्या-मांजरांच्या डोळ्यात मागच्या पडद्याशी एक चकाकणारा थर असतो. अंधारात बाहुली मोठी होते, फ्लॅशचा उजेड आत जाऊन त्या थरावर आपटतो आणि परत येतो, म्हणून तो दिवा दिसतो. पण त्या झगमगाटात पांढरं काय आहे आणि कुठं आहे, काहीच कळत नव्हतं.

मी फोन करून दोनच गोष्टी विचारल्या. डोळा पूर्ण उघडतोय का? ‘उघडणा नाय, मिटूनच धरता.’ पाणी येतंय का? ‘धार लागली हा.’ मग त्यांनीच विचारलं, वडिलांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरचे थेंब घरात आहेत, ते घालू का? मी म्हटलं, ती बाटली फडताळात ठेवून द्या, काहीही घालू नका, आणि रात्रभर मोत्याला पंजाने डोळा खाजवू देऊ नका. त्यांनी एका जुन्या प्लास्टिकच्या बादलीचा बूड कापून ती त्याच्या गळ्यात अडकवली. सकाळी उजेडात फोटो कसे काढायचे, तेही फोनवरच सांगितलं. आज मुख्यतः तेच सांगणार आहे.

आपल्याकडे डोळ्यावर पांढरं आलं की ‘फूल पडलं’ म्हणतात, म्हातारा कुत्रा असला की ‘मोतीबिंदू झाला’ म्हणतात. फोटोत दोन्ही पांढरंच दिसतं. पण डोळ्याच्या अगदी पुढे पारदर्शक काचेसारखा एक पडदा असतो, त्याला पारपटल म्हणतात, आणि भिंग त्याच्या बरंच आत, बाहुलीच्या मागे असतं. कुत्र्याचं पारपटल अर्ध्या मिलिमीटरच्या आसपासच जाड असतं. पांढरेपणा या पडद्यावर असेल तर तो कित्येकदा तातडीचा असतो. भिंगात असेल तर बहुतेक वेळा चार दिवस थांबता येतं. म्हणून पांढरं दिसलं की ते कुठल्या थरावर आहे, हे आधी ठरवायचं.

समोरून काढलेल्या फोटोत थर कळत नाही, बाजूने काढलेल्यात कळतो. कुत्र्याला पडवीत किंवा खिडकीशी बसवा, उजेड एका बाजूने येऊ द्या, फ्लॅश बंद. फोन डोळ्याच्या उंचीवर आणा आणि कानाच्या बाजूने, डोळ्याचा फुगवटा आडवा दिसेल असा फोटो घ्या. पांढरं पुढच्या फुगवट्यावरच चिकटलेलं दिसलं तर ते पारपटलावर आहे. फुगवटा स्वच्छ आहे, त्यातून मागची बुबुळाची तपकिरी कड नीट दिसते आणि पांढरेपणा बाहुलीच्या आत खोल आहे, तर ते भिंगात. फोन फार जवळ नेऊ नका, कॅमेरा नेम धरत नाही आणि सगळं पुसट येतं. एका हाताच्या अंतरावरून दुप्पट झूम करून काढा. चेहरा गोरा-गुळगुळीत करणारी सोय फोनमध्ये असेल तर ती बंद करा, ती डोळ्यातले बारीक डागसुद्धा पुसून टाकते. आणि व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवताना तो डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर फोटो दाबला जाऊन नेमके हवे ते तपशील जातात.

आता मला सगळ्यात जास्त उपयोगी पडणारी खूण सांगतो. आपल्या घरांच्या खिडक्यांना उभे गज असतात. खिडकीसमोर बसलेल्या कुत्र्याच्या डोळ्यात त्या गजांचं छोटंसं प्रतिबिंब पडतं. पारपटल ओलं आणि गुळगुळीत असेल तर प्रतिबिंबातले गज स्पष्ट दिसतात, फुगवट्यामुळे थोडे वाकलेले, पण अखंड. जिथे ओरखडा किंवा जखम असते तिथे गज तुटतात, पाण्यात दगड टाकल्यावर सावली फुटावी तसे. पृष्ठभाग कोरडा पडला असेल तर अख्खी खिडकीच धुरकट आणि बिनचकाकीची येते. फोटो मोठा करून हे नक्की बघा.

सकाळी साडेसातला मोत्याचे चार फोटो आले. पहिला दोन्ही डोळ्यांचा एकत्र. दुसरा डाव्या डोळ्याचा, न पुसता. तिसरा उकळून गार केलेल्या पाण्यात कापूस भिजवून हलकेच पुसल्यावर. चौथा बाजूने. पुसण्याआधीचा फोटो मुद्दाम मागतो, कारण डोळ्यातून काय येतंय हे चिपडं पुसून टाकल्यावर कळत नाही. मोत्याचं पाणी पातळ होतं, आतल्या कोपऱ्यात पिवळसर एक बारीक दोरा. कुत्र्याला वरच्या-खालच्या पापणीखेरीज डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यात एक तिसरी पापणी असते. तिसऱ्या फोटोत ती वर सरकलेली, लालसर. तिच्या कडेला, पारपटलाच्या खालच्या भागात, मसुराच्या डाळीएवढा निळसर-पांढरा ठिपका, आणि बरोबर तिथे दोन गज तुटलेले. चौथ्या फोटोत तो ठिपका फुगवट्यावरच होता. आणखी एक गोष्ट पहिल्या फोटोने दाखवली. डावी बाहुली उजवीपेक्षा बारीक होती. पारपटल दुखावलं की आतले स्नायू आवळतात आणि बाहुली आकसते. म्हणजे दुखणं चांगलंच होतं.

एकच डोळा, अचानक, मिटून धरलेला, जखम तिसऱ्या पापणीला लागून. महिना कोणता हेही महत्त्वाचं. पाऊस संपला की आपल्या सड्यावरचं गवत वाळतं आणि कुसळं सुटतात. कुसळाच्या बारीक केसांमुळे ते एकाच दिशेने आत सरकतं, मागे येत नाही. गवतात नाक खुपसून धावणाऱ्या कुत्र्याच्या डोळ्यात ते शिरलं की तिसऱ्या पापणीच्या मागे जाऊन बसतं, आणि पापणी हलेल तसं पारपटल खरवडत राहतं. मोत्या आदल्या दिवशी सड्यावर होता का, विचारलं. होता. फोटोत कुसळ दिसत नव्हतं आणि दिसणारही नव्हतं. मी म्हटलं, दुपारपर्यंत घेऊन या.

दवाखान्यात डोळा बधिर करणारे थेंब घातले, चिमट्याने तिसरी पापणी उचलली, आणि मागून सेंटिमीटरभर लांबीचं कुसळ निघालं. मग फ्लुओरेसीनची पट्टी लावली. हा नारिंगी रंग धडधाकट पारपटलावर टिकत नाही, धुतला की जातो. जखम असेल तिथे मुरतो आणि निळ्या उजेडात हिरवा चमकतो. मोत्याच्या डोळ्यात तीनचार मिलिमीटरचा हिरवा ठिपका राहिला.

आता त्या फडताळातल्या बाटलीबद्दल. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरच्या थेंबांत बहुधा स्टेरॉइड असतं. लेबलवर डेक्सामेथासोन, प्रेडनिसोलोन किंवा बीटामेथासोन असं काही लिहिलेलं सापडेल. पारपटलावर जखम असताना स्टेरॉइड पडलं तर भरून येण्याचं काम थांबतं, जंतूंना मोकळं रान मिळतं आणि तो अर्ध्या मिलिमीटरचा पडदा अक्षरशः विरघळू लागतो. फोटोत ते जेलीसारखं राखाडी, लोंबल्यासारखं दिसतं. पुढे भोक पडायला एखादा दिवसही पुरतो. लाली मात्र पहिल्या काही तासांत कमी होते, म्हणून माणसाला वाटतं गुण आला. जखम आहे की नाही हे रंग टाकल्याशिवाय कुणीच खात्रीने सांगू शकत नाही, मीसुद्धा नाही, फोटोवरून तर नाहीच. मध, गुलाबपाणी यांनाही माझा नकारच आहे.

फोटोने मला एकदा चकवलंय, तेही सांगायला हवं. एका कॉकर स्पॅनियलच्या एकाच डोळ्याचा फोटो आला होता. डोळा लाल, पारपटल सगळीकडे सारखं निळसर. मला वाटलं डोळे आलेत. उद्या आणा म्हटलं. दुसऱ्या डोळ्याचा फोटो मागितला असता तर आजारी डोळ्याची बाहुली जोडीदारापेक्षा केवढी मोठी आहे हे लगेच दिसलं असतं. तो काचबिंदू होता. कुत्र्याच्या डोळ्याचा दाब साधारण १० ते २५ असतो, पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये. त्याचा ५०च्या वर निघाला आणि ती दृष्टी परत आली नाही. तेव्हापासून दोन्ही डोळे एका फोटोत असल्याशिवाय मी मत देत नाही. लाल, निळसर आणि बाहुली मोठी, असं दिसलं तर रात्र असली तरी निघायचं.

दोन्ही डोळे आतून गढूळ, भोवती लाली, कुत्रा जेवत नाही आणि अंगावर गोचीड, असं असेल तर मी गोचीडतापाच्या मागे लागतो. तिथे रक्ताची तपासणी करावी लागते.

सूज फोटोत सहज दिसते, त्यामुळे तिच्यावर फार वेळ घेत नाही. दोन्ही पापण्या आणि तोंड तासाभरात फुगलं तर गांधीलमाशी किंवा कसली तरी अ‍ॅलर्जी. एकाच बाजूला डोळ्याच्या खाली टणक गाठ असेल तर वरच्या दाढेचं मूळ पिकलेलं असू शकतं, म्हणून ओठ उचलून दातांचाही फोटो काढा. आतल्या कोपऱ्यात गुलाबी, गुळगुळीत मण्यासारखा गोळा दिसला तर तिसऱ्या पापणीची ग्रंथी बाहेर आलेली असते. ती कापून टाकू नका, अश्रूंचा मोठा वाटा तिच्यातून येतो, ती आत शिवून बसवतात.

म्हाताऱ्या कुत्र्यांच्या मालकांसाठी त्या फ्लॅशकडे पुन्हा येतो. सातआठ वर्षांनंतर भिंगाचा गाभा घट्ट होतो आणि बाहुलीत निळसर-करडी झाक येते. तो मोतीबिंदू नव्हे, त्याने फारसं काही बिघडत नाही. फरक बघायचा तर अंधाऱ्या खोलीत हातभर अंतरावरून फ्लॅश मारून मुद्दाम फोटो काढा. झाकेतूनही तो हिरवा-पिवळा दिवा अखंड दिसला तर उजेड आत पोचतोय. दिव्यात काळे तुकडे किंवा काप दिसले, किंवा दिवा पेटलाच नाही आणि पांढरं दिसलं, तर मोतीबिंदूचा संशय घ्या.

मोत्याला जंतुनाशक थेंब दर सहा तासांनी, दुखणं कमी करायला अ‍ॅट्रोपिन दिवसातून एकदा, आणि बादली तशीच. अ‍ॅट्रोपिनने बाहुली मोठी राहते, हे मालकांना आधीच सांगितलं होतं, नाहीतर फोटो बघून ते घाबरले असते. त्यांनी रोज सकाळी साडेसातला, त्याच खिडकीशी, त्याच बाजूने फोटो काढला. तिसऱ्या दिवशी दवाखान्यात पुन्हा रंग टाकला, हिरवा ठिपका निम्म्यावर आला होता. सहाव्या दिवशी रंग कुठेच धरला नाही. त्या सकाळच्या फोटोत कोपऱ्यात धुक्यासारखी एक फिकट खूण आहे, आणि तिच्यावरून खिडकीचे गज अखंड गेलेले आहेत.