उचकी, आत्या आणि चमचाभर साखर

उचकी लागली की आपल्याकडे चौकशी पोटाची होत नाही, नातेवाइकांची होते. कोण आठवण काढतंय? मग एकेक नाव घ्यायचं. ज्या नावाला उचकी थांबेल, तो माणूस. आमच्या घरी हा मान नेहमी नागपूरच्या आत्याला. घरातले, शेजारचे, पुण्याचे असं करत करत यादी नागपूरला पोहोचेपर्यंत दहा मिनिटं जायची, आणि साधी उचकी तेवढ्यात आपली आपणच थांबते! (हशा) आत्याला वाटायचं, भाच्यांवरची तिची माया आम्हाला पोहोचते. तिचा गैरसमज कोणी दूर केला नाही. दिवाळीला चिवडा तिच्याकडूनच यायचा.

माझं सगळं भांडण याच आत्याशी आहे. उचकी थांबायच्या आधी जो उपाय शेवटचा केला, तोच रामबाण ठरतो. मागून कोणी दचकवलं, तर श्रेय त्याला. तान्ह्या बाळाच्या कपाळावर ओला दोरा चिकटवला, तर श्रेय दोऱ्याला. बाळाची उचकी तशीही थांबणारच असते.

आता साखर. 1971 साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये एक छोटी नोंद आली. उचकी लागलेल्या 20 जणांना चमचाभर कोरडी साखर गिळायला दिली. 19 जणांची थांबली. त्यांतल्या काहींची उचकी कित्येक दिवसांची होती, म्हणजे तिथे ‘आपोआप थांबली असती’ हा माझा युक्तिवाद लंगडा पडतो. पण साखर न दिलेला तुलनेचा गट नव्हताच. म्हणून मी साखरेला पास करतो, पहिला वर्ग देत नाही. मधुमेहवाल्यांनी माझ्याकडे असं बघू नका.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं उरलीत. मूळ विषय राहिलाच!

छाती आणि पोटामधला श्वासाचा पडदा अचानक आकसतो, हवा आत ओढली जाते आणि सेकंदाच्या पंचवीसाव्या भागाच्या आत स्वरयंत्राचं दार बंद होतं. तोच तो ‘उक्’. भराभर जेवण, सोडा, दारू यांनी पोट फुगलं की व्हेगस नावाच्या नसेतून मेंदूच्या बुंध्याला निरोप जातो, आणि तिथून पडद्याला हुकूम.

श्वास रोखला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड वाढतो. तो वाढला की उचक्या विरळ होतात, हे प्रयोगांत दिसलंय. गार पाणी सलग घोटांनी पिण्यात श्वासही थांबतो आणि घशातून व्हेगसही चाळवली जाते, त्यामुळे आजीच्या या उपायात तथ्य असावं. दचकवण्याला मात्र धड पुरावा नाही. डोळे दाबू नका, त्यानं नाडी एकदम मंदावू शकते. वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवू नका.

आणि उचकी 48 तासांच्या वर टिकली, तर नावं घेत बसायचं नाही. मूत्रपिंड, मेंदू, क्वचित हृदयसुद्धा तपासावं लागतं. उचकीसोबत छातीत दुखलं, तोंड वाकडं झालं किंवा बोलणं अडखळलं, तर 48 तासही थांबू नका, तडक दवाखाना गाठा.