सातातून पाच गेले, उरले किती?

मुदत ठेवीवर सात टक्के व्याज मिळतं आणि महागाई पाच टक्क्यांनी वाढते, तर आपल्या हाती खरोखर किती लागतं? हा प्रश्न कुठेही विचारला तरी उत्तर चटकन येतं: दोन टक्के. हे उत्तर खऱ्याच्या अगदी जवळ आहे, पण ते खरं नाही. थोडक्यासाठी एवढी चर्चा कशाला, असं वाटू शकेल. पण हा फरक का पडतो हे एकदा समजलं की तो कधी सोडून द्यायचा आणि कधी मुळीच सोडायचा नाही, हे तुमचं तुम्हाला ठरवता येईल.

आधी ‘खरोखर किती’ म्हणजे काय ते ठरवू. रुपये वाढले म्हणून आपण श्रीमंत होत नाही. त्या रुपयांत आधीपेक्षा जास्त वस्तू येत असतील, तरच काही कमावलं म्हणायचं. ही जी वस्तूंच्या हिशोबातली वाढ, तिला वास्तव परतावा म्हणतात. ठेवीच्या पावतीवर छापलेला असतो तो नाममात्र दर.

समजा, आज एक लाख रुपये वर्षभरासाठी ठेवले. रोजच्या वापरातल्या वस्तूंचा एक ठरावीक संच आज १०० रुपयांना मिळतो असं धरू. म्हणजे ठेव ठेवताना आपल्याजवळ हजार संचांची ऐपत होती. वर्षानंतर ठेवीचे १,०७,००० रुपये झाले आणि संच १०५ रुपयांचा झाला. आता भागाकार करा: १,०७,००० भागिले १०५, म्हणजे साधारण १,०१९ संच. हजारावर १९ संच जास्त आले, म्हणजे १.९ टक्के. दोन टक्के असते तर वीस संच जास्त यायला हवे होते. मग तो विसावा संच गेला कुठे?

वजाबाकी करणारा काय म्हणतो ते नीट ऐकू. तो म्हणतो, व्याजाचे सात हजार मिळाले. त्यातले पाच हजार मुद्दलाची झीज भरून काढायला गेले, कारण पूर्वीचे हजार संच घ्यायला आता १,०५,००० रुपये लागतात. राहिले दोन हजार. इथपर्यंत त्याचा एकही शब्द चुकलेला नाही. चूक पुढच्या पायरीवर होते. हे दोन हजार त्याच्या हातात वर्षअखेरीस पडले आहेत, त्यामुळे त्यांचा खर्चही वर्षअखेरीच्याच भावाने होणार. १०५ रुपयांच्या भावाने दोन हजारांत १९ संच येतात आणि थोडे पैसे उरतात. वजाबाकीत मात्र आपण नकळत या दोन हजारांना जुन्या, १०० रुपयांच्या भावाने खरेदी करायला लावतो. मुद्दलावरची महागाई आपण मोजली, उरलेल्या नफ्यावरची मोजायची राहिली.

म्हणून नेमका हिशोब भागाकाराचा आहे. एक अधिक व्याजदर, भागिले एक अधिक महागाईदर, आणि आलेल्या उत्तरातून एक वजा. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ अर्व्हिंग फिशर यांच्या नावाने हे समीकरण ओळखलं जातं. मला त्याची दुसरी मांडणी जास्त आवडते: आधी खुशाल वजाबाकी करा, मग आलेल्या फरकाला एक अधिक महागाईदराने भागा. दोन भागिले १.०५, उत्तर १.९. यातून एक गोष्ट लगेच दिसते. भाव वाढत असतील तर वजाबाकी फायदा असो वा तोटा, नेहमी फुगवून दाखवते. व्याज पाच आणि महागाई सात टक्के असेल तर वजाबाकी दोन टक्के तोटा सांगते, प्रत्यक्षात तो १.८७ टक्के असतो. फायदा की तोटा, हे मात्र वजाबाकी कधीच चुकवत नाही. आणि दोन्ही दर सारखे असले तर दोन्ही रीतींनी उत्तर शून्यच येतं.

आता महागाई वाढवत नेऊ. व्याज ५० टक्के आणि महागाई ४० टक्के असेल, तर वजाबाकी दहा टक्के फायदा सांगते. दहा भागिले १.४ केलं की तो ७.१ टक्क्यांवर येतो. याहून बोलकं उदाहरण अर्जेंटिनाचं आहे. तिथे २०२३ या वर्षातली महागाई २११.४ टक्के नोंदली गेली. अशा वर्षात समजा कोणाला ठेवीवर १०० टक्के व्याज मिळालं. वजाबाकी सांगेल, १११ टक्के तोटा. पण शंभर टक्क्यांहून जास्त तोटा ठेवीत होणार तरी कसा? त्याच्या हातात रक्कम दुप्पट होऊन आलेली आहे, तिच्यात काही ना काही वस्तू येणारच. दोनला ३.११४ ने भागा, ०.६४ येतं. म्हणजे दर शंभर संचांमागे ६४ उरले, ३६ गेले. तोटा मोठाच आहे, पण वजाबाकीने सांगितलेलं उत्तर इथे अशक्य कोटीतलं आहे.

महागाई अशी भडकलेली नसेल तर हे सगळं विसरावं का? वर्षभराच्या ठेवीसाठी विसरलात तरी चालेल. लांब मुदतीच्या ठेवीत मात्र सांभाळा, कारण तिथे लोक वार्षिक दरांची नाही, एकूण वाढीची वजाबाकी करतात, आणि ही चूक मला सर्वांत घातक वाटते. सात टक्के चक्रवाढीने दहा वर्षांत लाखाचे १,९६,७१५ होतात, म्हणजे ९६.७ टक्के वाढ. पाच टक्क्यांनी दहा वर्षं महागाई झाली की भाव ६२.९ टक्के वाढतात. वजाबाकी केली तर वाटतं, वस्तूंच्या हिशोबात ३३.८ टक्के कमावले. भागाकार करा: १.९६७ भागिले १.६२९, म्हणजे १.२०८. खरी कमाई २०.८ टक्केच आहे. कारण तेच आहे, वरचे ३३,८०० रुपये दहा वर्षांनंतरच्या भावाचे रुपये आहेत. फक्त आता भाजक १.०५ नाही, १.६२९ आहे. निवृत्तीनंतरच्या खर्चाची तजवीज अशा आकड्यावर बेतली तर मोठा खड्डा पडतो.

भागाकार अचूक केला तरी त्यात घातलेले आकडे बरोबर हवेत. कर द्यावा लागत असेल तर तो सात टक्के व्याजाच्या पूर्ण रकमेवर लागतो. त्यातला मोठा भाग फक्त झीज भरून काढणारा आहे, हे सहसा कर आकारताना पाहिलं जात नाही. कर २० टक्के धरला तर हातात ५.६ टक्के येतात, आणि १.०५६ भागिले १.०५ केलं की वास्तव परतावा उरतो ०.५७ टक्के. वजाबाकीने आपण एक टक्क्याचा दहावा भाग चुकत होतो, कर विसरलो तर त्याच्या तेरापट चुकतो. म्हणून आधी कर वजा करा, भागाकार त्यानंतर.

दुसरा आकडा महागाईचा. ठेव ठेवताना आपल्यासमोर असतो तो सरलेल्या वर्षाचा दर, आणि ठेवीला सोसायची असते पुढच्या वर्षांची महागाई. त्यामुळे ठेव ठेवताना काढलेला वास्तव परतावा हा अंदाज असतो. महागाई सातवर गेली तर काय, तीनवर आली तर काय, असे दोन-तीन भागाकार करून पाहिले की आपण किती रुंद पट्ट्यात आहोत ते कळतं. करानंतरच्या ५.६ टक्क्यांना महागाई सात असेल तर १.३ टक्के तोटा होतो, तीन असेल तर अडीच टक्के फायदा. पक्का आकडा मुदतपूर्तीच्या दिवशीच काढता येतो, आणि तोही त्या मुदतीत भाव प्रत्यक्षात किती वाढले ते पाहून.