चकलीचा हिशेब: घरगुती व्यवसायाचे खाते कधी वेगळे करावे?

(दृश्य: पहाटेचे स्वयंपाकघर. परातीत भाजणी, कढईत तेल तापत आहे.)

डोंबिवलीतल्या दोन खोल्यांच्या या घरात पहाटे पाच वाजता भाजणीची उकड काढली जाते. सहा वर्षांपूर्वी शेजारच्या दोन घरांसाठी सुरू झालेले चकलीचे काम आज वर्षभर चालते आणि दिवाळीच्या महिन्यात मदतीला आणखी दोन बायका येतात. या ताईंच्या विनंतीवरून आपण त्यांचे नाव घेतलेले नाही. त्यांचा प्रश्न मात्र घरातून लाडू, मसाले किंवा लोणची विकणाऱ्या अनेकींचा आहे: हा व्यवसाय कागदावर आणायचा तो नेमका कधी?

(दृश्य: चकलीचा सोऱ्या फिरतो. टेबलावर मोबाइल, पैसे जमा झाल्याचा आवाज.)

बहुतेक जणी या प्रश्नाचे उत्तर उलाढालीच्या आकड्यात शोधतात. ताईही जीएसटी नोंदणीच्या चाळीस लाखांच्या मर्यादेविषयी ऐकून निश्चिंत होत्या, कारण आपली विक्री त्याच्या जवळपासही नाही हे त्यांना ठाऊक होते. परंतु विक्री नेमकी किती, हे विचारल्यावर त्यांनी बँकेचे पासबुक पुढे केले आणि तिथेच अडचण समोर आली.

(दृश्य: पासबुकाची पाने. लाल, निळ्या आणि हिरव्या पेनाच्या खुणा.)

वर्षभरात त्यांच्या बचत खात्यात ९ लाख ८४ हजार रुपये जमा झाले होते. ताई आणि त्यांची मुलगी दोन संध्याकाळी बसल्या आणि प्रत्येक नोंदीसमोर खूण करत गेल्या. यजमानांनी घरखर्चासाठी पाठवलेले २ लाख ४० हजार निळ्या पेनाने वेगळे झाले. भिशीच्या बायकांचे १ लाख २० हजार आणि भावाने परत केलेले ५० हजार लाल पेनाखाली गेले. उरलेले ५ लाख ७४ हजार विक्रीचे होते. वहीत लिहिलेली रोख विक्री १ लाख १० हजारांची होती, ती मिळवल्यावर खरी विक्री ६ लाख ८४ हजारांवर आली. सुमारे तीस नोंदींवर मात्र केवळ नाव होते, आणि ती रक्कम चकलीची की भिशीची हे आठवण्यासाठी ताईंना जुने संदेश उघडावे लागले.

(दृश्य: किराणा दुकानाचे बिल, अगदी जवळून.)

खर्चाचीही तीच गत होती. या एकाच बिलावर १५ लिटर तेलाचा डबा आहे, पाच किलो चणाडाळ आहे आणि त्याखाली अंगाचा साबण व शाळेच्या वह्या आहेत. अशी ५२ बिले फोडल्यावर साहित्य, गॅस, पॅकिंग आणि मदतनिसांची मजुरी मिळून ४ लाख ८६ हजारांचा खर्च निघाला. शिल्लक राहिले १ लाख ९८ हजार, म्हणजे महिन्याला सरासरी साडेसोळा हजार. इतकी वर्षे काम करूनही हा आकडा ताईंनी पहिल्यांदाच पाहिला. दरवर्षी दिवाळीच्या मालासाठी घरातून उसने पैसे का काढावे लागत होते, याचेही उत्तर त्यात होते: मधल्या महिन्यांची शिल्लक संसारात विरघळून जात होती.

म्हणूनच आमचे म्हणणे असे आहे की वेगळे खाते ही नोंदणीनंतरची पायरी मानू नये. भिशी, पगार आणि विक्री यांचे पैसे एकाच खात्यात पडू लागले की त्याच महिन्यात ते उघडावे. चालू खात्याची कागदपत्रे जमेपर्यंत स्वतःच्याच नावाचे, घरखर्चाला हात न लावायचे दुसरे बचत खाते ठेवले तरी हिशेब स्वच्छ राहतो. मात्र ती तात्पुरती सोय आहे, कारण बचत खाते धंद्याच्या व्यवहारांसाठी नसते.

(दृश्य: मोबाइलवर अर्ज भरताना मुलगी. छापलेले लेबल.)

खाद्यपदार्थांच्या बाबतीत एक नोंदणी उलाढालीची वाट पाहत नाही. पैसे घेऊन पदार्थ विकणाऱ्याला अन्नसुरक्षा कायद्याखाली पहिल्या विक्रीपासूनच नोंद करावी लागते, आणि लहान उद्योगाला त्यासाठी मोठ्या परवान्याऐवजी साधी नोंदणी पुरते. छायाचित्र, ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा देऊन foscos.fssai.gov.in वर ताईंनी अर्ज केला, आणि मिळालेला चौदा अंकी क्रमांक आता प्रत्येक पाकिटावर आहे. त्यानंतर आधार व पॅनच्या आधारे udyamregistration.gov.in वर उद्यम नोंदणी झाली. ही नोंदणी विनामूल्य आहे, त्यामुळे तिच्यासाठी फी मागणारे संकेतस्थळ सरकारचे नाही हे ओळखावे. हे दोन कागद हाती आल्यावर बँकेने व्यवसायाच्या नावाने चालू खाते उघडून दिले.

(दृश्य: दारावरचा जुना क्यूआर कोड काढून नवा चिकटवला जातो.)

नवा क्यूआर कोड लावला तरी पहिले दोन महिने निम्मे पैसे जुन्याच खात्यात येत राहिले. नेहमीच्या गिऱ्हाइकांच्या मोबाइलमध्ये ताईंचा नंबर होता आणि तो बचत खात्याला जोडलेला होता. त्यावर त्यांनी शिस्त लावून घेतली: अशी रक्कम आली की त्याच रात्री ती चालू खात्यात वळवायची आणि वहीत गिऱ्हाइकाचे नाव लिहायचे. दर महिन्याच्या पाच तारखेला १२ हजार रुपये चालू खात्यातून घरी येतात. उरलेले सरासरी साडेचार हजार तिथेच थांबतात, आणि वर्षाकाठी ५४ हजार होतात. यंदाच्या दिवाळीचे तेल आणि सुकामेवा याच पैशांतून आला. एकल मालकीत व्यवसायाचे कर्ज हे मालकिणीचेच कर्ज असते, त्यात वेगळ्या खात्याने फरक पडत नाही, हेही इथे सांगितले पाहिजे.

(दृश्य: पार्सलांची रांग. एका खोक्यावर बंगळूरचा पत्ता.)

आता या खोक्याकडे वळू, कारण जीएसटीचा खरा प्रश्न यात आहे. महाराष्ट्रात केवळ माल विकणाऱ्याला ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत नोंदणी लागत नाही. जेवणाचे डबे पुरवणे ही सेवा धरली जाते आणि तिथे मर्यादा २० लाखांची आहे. शिवाय ही उलाढाल एका पॅनवरच्या सगळ्या कामांची मिळून मोजतात. पण विकलेला माल राज्याबाहेर पाठवला की ४० लाखांची सवलत उपयोगी पडत नाही. फराळासारख्या मालाला पहिल्या पार्सलपासून नोंदणी लागते, आणि परदेशी पाठवणेही त्यातच मोडते. गेल्या दिवाळीत ताईंकडून सहा खोकी बंगळूरला गेली, तेव्हा घरात कोणालाच हे माहीत नव्हते.

घरचे आणि विक्रीचे पैसे एकाच खात्यात ठेवण्याचा धोका इथेही आहे: जुलै २०२५ मध्ये कर्नाटकात यूपीआयवरील जमेच्या आधारे लहान दुकानदारांना कराच्या नोटिसा आल्या होत्या आणि त्या जमेत घरगुती व्यवहारही असल्याचे अनेकांनी सांगितले होते.

(दृश्य: ताई वहीत आकडे मांडतात.)

नोंदणी घेतली तर संपूर्ण विक्रीवर पाच टक्के कर लावावा लागेल, म्हणजे सध्याच्या उलाढालीवर ३४ हजार २०० रुपये. तेल आणि पॅकिंगवर भरलेला कर त्यातून वजा होईल, पण विवरणपत्रांसाठी सल्लागाराची फी वाढेल आणि डोंबिवलीतल्या गिऱ्हाइकालाही पाकीट महाग पडेल. राज्याबाहेरची मागणी यंदा जेमतेम ४० हजारांची होती. तेवढ्यासाठी हा भार घ्यायचा नाही आणि नोंदणीशिवाय पार्सलही पाठवायचे नाही, असा निर्णय ताईंनी घेतला.

(दृश्य: खोक्यावरचा बंगळूरचा कागद काढला जातो. नवा पत्ता पुण्याचा.)

बाहेरच्या मागणीसाठी वहीत आता वेगळे पान आहे. ती दीड लाखांवर गेली की नोंदणीचा हिशेब पुन्हा मांडायचा, असे त्या पानावर मुलीने वरच लिहून ठेवले आहे.