काताकानातील दोन जुळी अक्षरे

श्रोतेहो, नमस्कार. जपानी भाषेतील काताकाना या लिपीत मूळ अक्षरे 46 आहेत आणि त्यांपैकी बहुतेक अक्षरे नव्या विद्यार्थ्याला फारशी छळत नाहीत. खरी अडचण येते ती ‘शि’ आणि ‘त्सु’ या जोडीपाशी, कारण दोन्हींत दोन आखूड रेघा आणि एक लांब तिरपी रेघ एवढेच असते. जमल्यास कागद-पेन जवळ घ्या.

‘शि’ लिहिताना दोन आखूड रेघा डाव्या बाजूला एकीखाली एक काढतात आणि तिसरी लांब रेघ डावीकडे तळापासून सुरू करून उजवीकडे वर नेतात. ‘त्सु’मध्ये आखूड रेघा वरच्या बाजूला शेजारी शेजारी येतात आणि लांब रेघ उजवीकडे वरून सुरू होऊन डावीकडे खाली उतरते. पेन जिथे टेकते तिथे रेघ ठसठशीत उमटते आणि जिथे उचलले जाते तिथे ती निमुळती होते. त्यामुळे तिसरी रेघ उलट दिशेने काढली, की वाचणाऱ्याला भलतेच अक्षर दिसू लागते.

हा क्रम लक्षात ठेवण्यासाठी हिरागाना या जोडीच्या लिपीचा आधार घ्यावा. हिरागानातील ‘शि’ वरून खाली उतरतो आणि शेवटी उजवीकडे वर वळतो. शिंक्याच्या आकड्यातला ‘शि’ म्हणून तो ध्यानात राहतो. ‘त्सु’ डावीकडून उजवीकडे जाऊन खाली वळतो, जणू त्सुनामीची कोसळणारी लाट. काताकानातील रेघा याच वाटांनी जातात. नुसत्या चित्रावरून अक्षर ओळखता येते, पण हात कुठून कुठे न्यायचा हे कळत नाही; ही खूण मला मोलाची वाटते, कारण ती दिशाही सांगते.

रोजच्या सरावात एकच अक्षर ओळभर गिरवू नये, कारण दोन-तीन वेळांनंतर आपण शेजारच्या अक्षराची नक्कल करू लागतो आणि स्मरणाला काही कामच उरत नाही. त्याऐवजी पाठ झाकून, उच्चार मनात म्हणून, चौकटीच्या वहीत दोन्ही अक्षरे आलटून पालटून लिहावीत. पलंगपोसासाठी जपानीत ‘शीत्सु’ असा शब्द आहे. त्यात दोन्ही अक्षरे येतात, मध्ये केवळ दीर्घ स्वराची रेघ असते, म्हणून सरावाला तो उत्तम. दुसऱ्या दिवशी कालचे पान उघडून, कोणते अक्षर लिहायचे होते हे न आठवता, केवळ रेघांवरून वाचून पाहावे. जिथे अडखळायला होईल, तिथे आखूड रेघांची मांडणी तपासावी: ‘शि’मध्ये त्यांच्या डाव्या कडा साधारण एका उभ्या ओळीत हव्यात, ‘त्सु’मध्ये त्यांची वरची टोके एका आडव्या ओळीत हवीत.

ही जोडी हातात बसली, की ‘न्’ आणि ‘सो’ घ्यावेत. त्यांत आखूड रेघ एकच असते. ‘न्’ची लांब रेघ ‘शि’प्रमाणे वर चढते, ‘सो’ची ‘त्सु’प्रमाणे खाली उतरते. घरगुती संगणकासाठीच्या ‘पासोकोन्’ या शब्दात ही दोन्ही अक्षरे सापडतात.